सर्दीची गोळी आणि तिसरी रात्र

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझे वय ५८ आहे, म्हसरूळला राहते. अडीच वर्षांपूर्वी सर्दी झाली आणि अंगाला खाज सुटली, तेव्हा फेनिरामाइनची २५ मिलिग्रॅमची गोळी मिळाली. त्या रात्री फार छान झोप लागली, म्हणून पुढे रोज घेऊ लागले. आता रात्री साडेनऊला दोन गोळ्या घेऊन पडते, तरी बारापर्यंत डोळा लागत नाही. सहाला उठते, पण दहा-अकरापर्यंत डोके जड असते. तोंड कोरडे पडते, पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल सुरू केले आहे. गोळी तीनदा सोडून पाहिली. पहिली रात्र बरी जाते, पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री टक्क जागी राहते आणि पुन्हा गोळी घेते. ही काही झोपेची गोळी नाही, सर्दीची साधी गोळी आहे, चिठ्ठीशिवाय मिळते. मग हिची सवय कशी लागेल? मला आता गोळीशिवाय झोप येणारच नाही का?
— एक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. गोळीशिवाय झोप येईल. मात्र ती येण्याआधी मधल्या काही रात्री कशा जातील आणि का, हे नीट समजून घेतल्याशिवाय चौथ्यांदा गोळी सोडू नका. तिन्ही वेळा तुम्ही ज्या रात्री माघार घेतली, त्या रात्रीचा तुम्ही लावलेला अर्थ चुकीचा होता, आणि तो तसा लागणे अगदी स्वाभाविक आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण तोच अर्थ लावतात.

हिस्टामिन म्हटले की आपल्याला शिंका, गळणारे नाक आणि अंगावर उठलेले पित्त आठवते. पण मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि तो दिवसभर हेच हिस्टामिन मेंदूभर सोडून आपल्याला जागे ठेवतो. फेक्सोफेनाडिनसारखी नवी अँटिहिस्टामिन औषधे मेंदूत जवळजवळ शिरतच नाहीत. जुन्या पिढीतली औषधे, म्हणजे फेनिरामाइन, क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन, मात्र सहज शिरतात आणि जागे ठेवणारी ही यंत्रणा दाबून धरतात. अडीच वर्षांपूर्वी तुम्हाला आलेली ती छान झोप हा या गोळीचा दुष्परिणामच होता. तो सोयीचा वाटला म्हणून त्याला कोणी दुष्परिणाम म्हटले नाही, एवढेच. अमेरिकेत डायफेनहायड्रामाइन उघडपणे झोपेची गोळी म्हणून दुकानात मिळते, आणि तिथल्या खोक्यावर लिहिलेले असते की झोपेची तक्रार सलग दोन आठवड्यांहून अधिक राहिली तर डॉक्टरांना भेटा. आपल्याकडच्या स्ट्रिपवरही बारीक अक्षरांत इंग्रजीत एक सूचना असते, तिचा अर्थ असा की वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे. घरातली स्ट्रिप उजेडात धरून पाहा. गोळी साधी आहे असे औषधाच्या कायद्यानेही कुठे म्हटलेले नाही.

आता सवयीबद्दल. मेंदूतली एखादी यंत्रणा रोज ठरावीक वेळी दाबली, तर मेंदू ती दाबलेली राहू देत नाही. तो भरपाई करतो. ही भरपाई किती लवकर होते, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण नेमक्या प्रयोगात दिसले. निरोगी पुरुषांना डायफेनहायड्रामाइन ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे चार दिवस दिले. पहिल्या दिवशी त्यांना स्पष्ट झापड आली. चौथ्या दिवशी मात्र औषध घेतलेल्यांची झापड आणि नुसती पिठाची गोळी घेतलेल्यांची झापड यांत काही फरक उरला नव्हता. प्रयोग दिवसाच्या झापडीवर होता आणि औषध फेनिरामाइनचे भावंड होते, त्यामुळे तो आकडा तुमच्या रात्रीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा तीच आहे. शरीर सरावायला महिने लागत नाहीत, दिवस पुरतात. तुमच्या एका गोळीच्या दोन झाल्या त्या याच कारणाने, आणि दोन घेऊनही तुम्ही बारापर्यंत जाग्या राहता तेही याच कारणाने. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१७ साली निद्रानाशावरच्या औषधांचा आढावा घेतला, तेव्हा निद्रानाशासाठी डायफेनहायड्रामाइन वापरू नये असाच सल्ला तिने दिला.

मग गोळी जर झोप देतच नसेल, तर ती सोडल्यावर झोप उडते कशी? इथे जरा हिशेब करावा लागेल.

फेनिरामाइन तोंडाने घेतल्यावर त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला साधारण १६ ते १९ तास लागतात. आपण कमी धरून १६ तास घेऊ. रात्री साडेनऊला घेतलेल्या ५० मिलिग्रॅमपैकी दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास २५ मिलिग्रॅम, म्हणजे एक अख्खी गोळी, अंगात शिल्लक असते. दुसऱ्या रात्री साडेनऊला तुम्ही नव्या दोन गोळ्या हातात घेता, तेव्हा कालची, परवाची आणि त्याआधीची शिल्लक मिळून पुन्हा सुमारे एका गोळीइतके औषध आधीच अंगात फिरत असते. तुम्ही दोन घेता असे म्हणता, पण मेंदूला त्या वेळी जवळजवळ तीन गोळ्या मिळतात.

आता तुम्ही गोळी सोडता त्या रात्रीकडे या. पहिल्या रात्री काहीच घेतले नाही, तरी एका गोळीइतका साठा अंगात असतो, म्हणून रात्र बरी जाते. दुसऱ्या रात्रीपर्यंत तो अर्ध्या गोळीहून कमी होतो. तिसऱ्या रात्री दखल घ्यावी इतके काही उरत नाही. पण अडीच वर्षे दडपणाविरुद्ध जोर लावून बसलेली ती जागेपणाची यंत्रणा आपला जोर एका रात्रीत सोडत नाही. बंद दाराला आतून रेटा देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या समोरचे दार बाहेरून अचानक कोणी उघडले, तर तो जसा पुढे कोलमडतो, तशी ती रात्र असते. त्या रात्री तुम्ही टक्क जाग्या राहता, ती गोळी जाण्याने उसळलेली जाग असते. काही रात्रींत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत ती ओसरते. पण तुम्ही त्याच रात्री गोळी घेता, अंगातली पातळी वर येते, उसळी दबते, डोळा लागतो, आणि ‘पाहा, गोळीशिवाय मला झोप नाही’ असा पुरावा हाती आल्यासारखे वाटते. ताई, तीन वेळा गोळा केलेला हा पुरावा तुमच्या झोपेबद्दल काहीच सांगत नाही. तो सांगतो ते फक्त तिसऱ्या रात्रीबद्दल.

तुमच्या मनात आता शंका आली असेल की शरीर सरावले असेल तर सकाळी डोके जड का? शरीराचा सराव पुरा नसतो आणि सगळीकडे सारखाही नसतो. झोप लागण्यापुरता परिणाम लवकर बोथट होतो, पण वाढवलेली मात्रा आणि रोजची शिल्लक मिळून सकाळी लक्ष, स्मरण आणि हातापायांची चपळाई यांच्यावर भार राहतोच. वय वाढते तसे औषध अंगातून जायला आणखी वेळ लागतो. डायफेनहायड्रामाइनचे उदाहरण घ्या : तरुण माणसात ते निम्म्यावर यायला सुमारे ९ तास लागतात, वयस्क माणसात १३ तासांहून अधिक.

यातला एक धोका मला जास्त सतावतो, तो असा की माणसाला स्वतःची गुंगी नीट कळत नाही. २००० साली अमेरिकेतल्या आयोवामध्ये एक प्रयोग झाला. गाडी चालवण्याच्या नकली यंत्रात चाळीस जणांना बसवून, एकदा डायफेनहायड्रामाइन ५० मिलिग्रॅम आणि एकदा दारू देऊन, त्यांचे चालवणे मोजले गेले. गोळीवरचे चालवणे दारूवरच्या चालवण्याहून वाईट निघाले, आणि ‘मला झोप येत आहे’ असे जो-तो सांगत होता त्याचा प्रत्यक्षातल्या चुकांशी फारसा मेळ बसला नाही. तुम्ही स्कूटर चालवत असाल, तर दिंडोरी रोडने पंचवटीकडे जाताना ‘आज मला ठीक वाटते आहे’ ही खात्री पुरेशी नाही. गोळी पूर्ण सुटेपर्यंत सकाळी अकराच्या आत स्कूटर बाहेर काढू नका. ही माझी विनंती आहे आणि त्यात मी सवलत देणार नाही.

तोंड आणि पोट यांची तक्रार वेगळ्या वाटेने येते. ही जुनी औषधे हिस्टामिनबरोबर अॅसिटिलकोलीन नावाचा आणखी एक रासायनिक निरोप्याही अडवतात. लाळ सुटणे, आतडे पुढे सरकणे, लघवीची पिशवी आवळणे, डोळ्याची बाहुली लहान होणे आणि आठवण साठवणे, ही त्याची कामे. तो अडला की एकेक तक्रार सुरू होते, आणि प्रत्येक तक्रारीवर एक नवे औषध घरात येते. तुमचे इसबगोल हे असेच आलेले आहे. ही साखळी किती लांब जाते, ते एका रुग्णाच्या उदाहरणातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार, वय ६६. ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीत झोप उडाली म्हणून त्यांनी हीच गोळी सुरू केली आणि तीन वर्षे घेतली, शेवटी दोन-दोन. माझ्याकडे आले तेव्हा मुलाने कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. तिच्यात इसबगोलचा डबा होता, पोट साफ होण्याचे सिरप होते, प्रोस्टेटची गोळी होती, आणि कोरड्या घशासाठी चघळायच्या गोळ्या होत्या. अगदी तळाशी, रबर लावून ठेवलेल्या सात-आठ स्ट्रिप होत्या, त्या मात्र औषधात मोजायच्या असतात असे कोणाला वाटले नव्हते. रात्री घसा कोरडा पडे म्हणून ते उशाशी तांब्या ठेवत आणि तीन-चारदा पाणी पीत. पाण्याने लघवीला उठावे लागे, पण गोळीमुळे पिशवी पुरती रिकामी होत नसे, म्हणून तासाभरात पुन्हा उठावे लागे. आणि इतक्यांदा उठावे लागते, झोप लागत नाही, म्हणून पुन्हा गोळी. आदल्या आठवड्यात पहाटे मोरीकडे जाताना ते पडले होते. पडल्यावर दहा मिनिटे आपण घरात आहोत की मळ्यात, हे त्यांना उमजत नव्हते. घरच्यांनी ते वयावर घातले होते.

मी त्यांना पहिल्या भेटीत गोळी त्याच रात्रीपासून बंद करायला सांगितले, आणि ती माझी चूक झाली. पडण्याची भीती माझ्या मनात मोठी होती, म्हणून घाई केली. चौथ्या रात्री त्यांनी दोनच्या जागी तीन गोळ्या घेतल्या आणि पुढच्या भेटीला महिनाभर आलेच नाहीत. दुसऱ्यांदा आम्ही पायऱ्या केल्या. दोन आठवडे दीड गोळी, दोन आठवडे एक, दोन आठवडे अर्धी, आणि मग बंद. प्रत्येक पायरी उतरल्यावर दुसऱ्या ते पाचव्या रात्रीत झोप बिघडायची, हे आधीच सांगितलेले असल्याने कॅलेंडरवर त्या चौकोनांत मुलगा पेन्सिलीने फुली मारून ठेवत असे. फुलीच्या रात्री वाईट गेल्या तरी कोणी घाबरत नव्हते. सर्वांत कठीण गेली ती शेवटची अर्धी गोळी, आणि ते नेहमीच तसे असते. तिथे आम्ही एक आठवडा जास्त थांबलो. पूर्ण बंद झाल्यावर तीन आठवड्यांनी त्यांनी सांगितले की उशाशी तांब्या ठेवणे आपोआप सुटले. पोट साफ होऊ लागले. प्रोस्टेटची गोळी त्यांना खरोखरच हवी होती, ती चालू राहिली; गोळी सुटली म्हणजे प्रत्येक तक्रार मिटते असे नाही.

स्मृतिभ्रंशाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तुमची गोळी पाहून कोणीतरी ते नक्की बोलून दाखवील, म्हणून लिहिते. २०१५ साली अमेरिकेतल्या सिअॅटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरच्या ३,४३४ माणसांवर सरासरी सात वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले होते. अॅसिटिलकोलीन अडवणारी औषधे, ज्यांत ही जुनी अँटिहिस्टामिनही येतात, ज्यांनी वर्षानुवर्षे सर्वांत जास्त घेतली त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. औषधामुळेच तो झाला, असे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. अडीच वर्षांच्या गोळ्यांनी तुमचे नुकसान झालेच आहे, असे मानून रात्री जागत बसू नका. पण वाढत्या वयात ही औषधे टाळावीत, असे वृद्धांच्या औषधांची जी यादी अमेरिकेतले डॉक्टर वापरतात ती स्पष्ट सांगते, आणि मलाही ते पटते. तुम्ही ५८ च्या आहात. सोडायची तर आताच सोडणे सोपे आहे.

आता तुमच्यासाठी. गोळीला हात लावण्याआधी दोन आठवडे फक्त वही लिहा. रोज सकाळी चहाच्या वेळी चार गोष्टी टिपा : अंथरुणावर किती वाजता पडले, अंदाजे किती वाजता डोळा लागला, मध्ये किती वेळ जागी होते, किती वाजता उठले. रात्री घड्याळ पाहायचे नाही. सकाळचा अंदाज पुरतो. तुमच्या पत्रावरून माझा तर्क असा आहे की साडेनऊ ते सहा, म्हणजे साडेआठ तास तुम्ही अंथरुणावर असता आणि झोपता जेमतेम सहा तास. उरलेले अडीच तास तुम्ही जागेपणाचा सराव करता, तोही अंथरुणावर. वहीतही हेच दिसले, तर अंथरुणावर जाण्याची वेळ साडेनऊवरून पावणेबारावर न्या आणि उठण्याची पावणेसहावर पक्की करा, मग रात्र कशीही गेली असो, रविवार असो की सण असो. पावणेबारापर्यंत बाहेरच्या खोलीत बसा, पण दिव्याखाली टीव्हीसमोर पेंगू नका. पहिले आठ-दहा दिवस दुपारी डोळे मिटू लागतील, तरी दुपारची झोप टाळा. अंथरुणावरच्या वेळातला ८५ टक्के वेळ झोपेत जातो असे सलग आठवडाभर दिसले, की निजण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणा, आणि असेच पुढे. सहा तासांपैकी ८५ टक्के म्हणजे साधारण पाच तास सहा मिनिटे, एवढा हिशेब वहीच्या कोपऱ्यात करता येतो. निद्रानाशावर जगभर जो पहिला उपचार मानला जातो, त्याचा हा गाभा आहे, आणि झोपेच्या कोणत्याही गोळीपेक्षा त्याचा परिणाम जास्त टिकतो. फेफरे येत असेल किंवा कधी मनाच्या उन्मादाचा आजार झाला असेल, तर मात्र हा झोप आवळण्याचा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

या दोन आठवड्यांतच एकदा दवाखान्यात जाऊन या, आणि चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्या, इसबगोलसकट. मानेच्या किंवा पायांच्या दुखण्यासाठी, लघवीसाठी, मळमळीसाठी दिलेल्या काही गोळ्या अॅसिटिलकोलीनच अडवतात, आणि दोन्हींचा भार एकत्र पडतो. घोरणे, झोपेत श्वास अडकल्यासारखे होणे, हे घरच्यांनी पाहिले असेल तर सांगा. रात्री पडल्यावर पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, पिंडऱ्यांत काहीतरी वळवळते असे वाटते का, हेही सांगा. कारण पायांची ही अस्वस्थता जुन्या अँटिहिस्टामिनने वाढते, आणि अनेकदा मुळाशी लोह कमी असते. तसे असेल तर तुम्ही अडीच वर्षे झोप उडवणारी गोळी झोपेसाठी घेत होता, असे निघेल. मी हे दोन-तीन रुग्णांत पाहिले आहे.

मग पायऱ्या. त्या बागायतदारांना दिल्या त्याच तुम्हाला चालतील : दीड, एक, अर्धी, बंद, प्रत्येकी दोन आठवडे. हे कोणत्या ग्रंथातले ठरलेले कोष्टक नाही, अनुभवाने बसवलेले आहे; तुमचे डॉक्टर ते मागेपुढे करतील. गोळी सुरीने न तोडता औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळी कापायच्या डबीत कापा, म्हणजे अर्धी ही अर्धीच होईल. एक रात्र घेतली, एक सोडली, असे करू नका, कारण त्यात पातळी वर-खाली होऊन तिसरी रात्र पुन्हापुन्हा येत राहते. पायरी उतरल्यावर कॅलेंडरवर दुसऱ्या ते पाचव्या दिवसावर खूण करा. त्या रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत बसा आणि पेंग आल्यावर परत या. फार वाईट आठवडा गेला तर त्याच पायरीवर आणखी आठवडा थांबा, पण मागच्या पायरीवर जाऊ नका.

शेजारच्या कोणी अशा वेळी अल्प्राझोलामची गोळी देऊ केली तर ती घेऊ नका. तिची सवय या गोळीहून कितीतरी घट्ट असते, आणि ती अचानक सोडणे धोकादायकही ठरू शकते.

गोळी कमी होताना नाक गळू लागले किंवा अंगाला खाज सुटली, तर तीही काही अंशी तिसऱ्या रात्रीसारखीच उसळी असू शकते. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन ही नवी औषधे महिनोन्‌महिने रोज घेऊन सोडली तर काहींना तीव्र खाज येते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये दिला आहे; तेव्हा फेनिरामाइनच्या जागी स्वतःच सेटिरिझिन सुरू करू नका. खाज टिकली तर तिचे मूळ शोधावे लागेल. आणि लघवी सुटेनाशी झाली, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला व दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, तर पायऱ्यांचा विचार न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी अडकणे आणि एका प्रकारचा काचबिंदू अचानक वाढणे, ही दोन्ही संकटे या औषधाने ओढवतात.

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या अनुभवात गाडी इथेच रुळावरून घसरते. तुम्ही आता सुरुवात केली तर शेवटच्या पायऱ्या डिसेंबर-जानेवारीत येतील, म्हणजे नाशिकच्या ऐन थंडीत, घरोघरी सर्दी असताना. सर्दीसाठी दुकानात मागितल्यावर मिळणाऱ्या बहुतेक एकत्रित गोळ्यांत तापाच्या औषधाबरोबर क्लोरफेनिरामाइन असते, खोकल्याच्या अनेक सिरपांत तेच किंवा डायफेनहायड्रामाइन असते. ते घेतल्यावर चार रात्री सुंदर झोप लागेल, सर्दी बरी होईल, सिरप संपेल, आणि पाचव्या-सहाव्या रात्री तुम्ही पुन्हा टक्क जाग्या असाल. म्हणून सर्दी झालीच तर वाफ घ्या, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, ताप-अंगदुखीला नुसती पॅरासिटामॉल घ्या, आणि दुकानदाराला काउंटरवरच सांगा की झोप आणणारे अँटिहिस्टामिन ज्यात नाही असेच काय ते द्या. तो स्ट्रिप उलटी करून नावे वाचून दाखवील. नावाच्या शेवटी ‘रामाइन’ ऐकू आले, की ती स्ट्रिप परत करा.